ऑफिसची पेटी कॅश आणि खर्चाचे क्लेम: इंदूरच्या छोट्या ऑफिसांतून नेहमी येणारे प्रश्न

मी इंदूरला आठ-दहा छोट्या ऑफिसांची अकाउंट्स बघतो, कुठे सहा माणसं, कुठे पंधरा, कुणी सियागंजमधून माल उचलून पुढे विकतो तर कुणाचं पलासियाला कन्सल्टन्सीचं ऑफिस. पेटी कॅश, म्हणजे किरकोळ खर्चासाठी ऑफिसात ठेवलेली रोख, तिच्याबद्दल सगळीकडे फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

पेटी कॅशमध्ये किती पैसे ठेवायचे?

दोन आठवड्यांत रोखीचा जितका खर्च होतो तितके, वर थोडी गंमत म्हणून नाही. मागच्या तीन महिन्यांची वही काढा, चहा-दूध, कुरिअर, हम्माली, झेरॉक्स, बल्ब-बिल्ब जे काय असेल ते जोडा आणि सहाने भागा. आमच्या एका ऑफिसचं उत्तर ९,४०० च्या आसपास आलं, मग १०,००० ठरवले. एकदा ठरले की तो आकडा हलवायचा नाही, कारण पुढचं सगळं गणित त्याच आकड्यावर उभं आहे.

आकडा फिक्स ठेवून काय होतं? लागतील तसे बँकेतून काढले तर काय बिघडलं?

बिघडतं हे की मग पेटीत आत्ता किती असायला हवेत ते कुणालाच सांगता येत नाही. सोमवारी पाच हजार काढले, गुरुवारी तीन, मधे शेठने खिशातून दोन टाकले, आणि महिन्याच्या शेवटी कॅशियर ताई वहीत बसेल तसं बसवते. फिक्स पद्धतीत (अकाउंटवाले हिला इंप्रेस्ट म्हणतात) कोणत्याही दिवशी कोणत्याही वेळी पेटी उघडली तरी रोख अधिक व्हाउचर अधिक कच्च्या चिठ्ठ्या, म्हणजे खर्चाआधी उचललेल्या पैशांच्या, मिळून बरोबर १०,००० आले पाहिजेत, आणि पेटी भरताना जितक्याची व्हाउचर मंजूर झाली तितक्याचाच चेक निघतो, गोल आकडा कधीच नाही. बँक स्टेटमेंटवर पेटी कॅशसाठी दर वेळी ५,०००, ५,०००, १०,००० असे आकडे दिसले की मी न विचारता समजून जातो की इथे कुणी व्हाउचर जोडून बघत नाही.

मोजणी नेमकी कशी करायची?

न सांगता, आणि कॅशियरच्या समोर. तिला बाहेर पाठवून मोजू नका, नंतर कमी निघाले तर ती म्हणेल मी होते तेव्हा पूर्ण होते, आणि तिचं चुकणार नाही. नोटा तिनेच मोजायच्या, तुम्ही बघायचं, कागदावर नोटांप्रमाणे लिहून दोघांच्या सह्या. महिन्यातून दोनदा पुरे, पण तारीख ठरलेली नको.

एक खरी मोजणी सांगतो. १०,००० ची पेटी. पाचशेच्या ३, दोनशेच्या २, शंभरच्या ३, पन्नासची १, वीसच्या २, दहाच्या २ आणि सुट्टे १० रुपये, म्हणजे रोख २,३२०. व्हाउचर चौदा, त्यांची बेरीज ६,९१०. एक कच्ची चिठ्ठी ५०० ची, प्यूनने सकाळी सामान आणायला नेलेले. सगळे मिळून ९,७३०. कमी २७०.

ताईचा चेहरा उतरला आणि तिने पर्स उघडली, म्हणाली सर मी माझे घालते. तिथेच थांबवायचं असतं. कॅशियरने खिशातून भरलं की चूक कायमची गाडली जाते, आणि ज्याला कमी पडले की घालायची सवय लागते त्याला जास्त निघाले की उचलायचीही लागते.

मग बघितलं, २७० ला नऊने भाग जातो. फरकाला नऊने भाग गेला की आधी उलटे लिहिलेले आकडे शोधायचे, हे जुन्या मुनीमांना तोंडपाठ असायचं. व्हाउचर एकेक करून बिलाशी लावली, अकरावं कुरिअरचं, व्हाउचरवर ३६० आणि मागे टाचलेलं बिल ६३० चं. पैसे ६३० च गेले होते, लिहिताना उलटं झालं. बेरीज ७,१८० झाली आणि पेटी जुळली. चूक खोडून नाही दुरुस्त केली हां, ३६० वर एक रेघ, वर ६३०, बाजूला दोघांच्या सह्या, व्हाइटनर व्हाउचरवर चालत नाही.

चेक काढला ७,१८० चा. कच्च्या चिठ्ठीचे ५०० त्यात नाहीत कारण त्याचा खर्च अजून झालेला नाही. आता रोख ९,५०० आणि चिठ्ठी ५००, परत दहा हजार.

पेटी जुळली म्हणजे सगळं बरोबर आहे ना?

नाही! आणि हीच गोष्ट बहुतेक शेठ लोकांना कळत नाही. मोजणी फक्त एवढंच सांगते की पेटीतून कागदाशिवाय पैसा गेला नाही. कागदच खोटा असेल तर पेटी पैशापर्यंत जुळते. वरच्याच मोजणीत व्हाउचरं बिलाशी लावत बसलो होतो म्हणून नववं व्हाउचर दिसलं, सेल्सवाल्या मुलाचं पीथमपूरचं टॅक्सीभाडं ६४० रुपये, त्याच्याकडे त्या दिवशी पैसे नव्हते म्हणून ताईने पेटीतून दिले, मागे ॲपच्या बिलाचा प्रिंट. आणि मला आठवलं की हे पीथमपूर मी आदल्याच आठवड्यात कुठेतरी पाहिलंय. त्याच्या महिन्याच्या क्लेममध्ये तीच तारीख, तोच ट्रिप नंबर, तेच ६४०, तेच पीडीएफ. क्लेम मंजूर होऊन पैसे त्याच्या बँकेत गेलेलेसुद्धा होते.

मुद्दाम केलं का विसरून, देव जाणे. तो म्हणाला भिया, महिन्याच्या शेवटी मेल उघडला आणि सगळी बिलं जोडून टाकली, आणि मला ते पटतंही. पण पेटी जुळत होती, क्लेमवर मॅनेजरची सही होती, दोन्हीकडे बिल होतं. सगळे नियम पाळूनही ६४० दोनदा गेले.

मग हे थांबवायचं कसं?

खर्चाला दोन दारं असतात, पेटी आणि क्लेम, आणि एकच खर्च दोन्हीकडून आत येतो. आम्ही त्या ऑफिसमध्ये दारं वाटून टाकली. ऑफिससाठी जे घेतलं, दूध, स्टेशनरी, कुरिअर, हम्माल, ते पेटीतून. माणसाचं जे झालं, त्याचा प्रवास, बाहेरचं जेवण, मोबाइल, ते फक्त क्लेममधून आणि फक्त बँक ट्रान्सफरने. खिशात पैसेच नसतील तर आधी ॲडव्हान्स घ्या, तोही बँकेतून, पुढच्या क्लेममधून वळता होईल. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली.

दुसरं म्हणजे पास झालेल्या बिलावर आडवा शिक्का, पैसे दिले आणि तारीख, बिलाच्या मजकुरावर, कोपऱ्यात नाही. पण शिक्का कागदावर चालतो, पीडीएफ तर शंभर वेळा डाउनलोड होतं. त्यासाठी पेटी आणि क्लेम दोन्हीची बिलं एकाच शीटमध्ये चढवा, एक ओळ एक बिल. समजा C मध्ये बिल किंवा ट्रिप नंबर आणि D मध्ये रक्कम, तर शेजारच्या रकान्यात हे टाकून खाली ओढा:

```
=COUNTIFS(C:C,C2,D:D,D2)
```

१ आला तर ठीक, २ आला की ती दोन बिलं समोरासमोर ठेवून बघा. बिल नंबर नसलेल्या चिठ्ठ्यांना हे लागू पडत नाही, तिथे तारीख आणि रक्कम डोळ्यानेच बघावी लागते.

सही कुणाची घ्यायची? आमच्याकडे माणसंच तीन आहेत.

एकच गोष्ट धरून ठेवा, ज्याच्या हातात पैसे आहेत त्याने मंजूर करायचं नाही आणि ज्याने खर्च केला त्यानेही नाही. तीन माणसांत हे जमतं, एक खर्च करतो, एक देतो, एक सही करतो. दोनच माणसं असतील, म्हणजे शेठ आणि एक ताई, तर ताई पेटी सांभाळेल आणि शेठने तीन कामं स्वतः करायची: चेकवर सही करताना व्हाउचरचा गठ्ठा सोबत मागायचा, मधेच पेटी मोजायची, आणि बँकेचं स्टेटमेंट ताईकडून न घेता थेट स्वतः उघडायचं. याहून जास्त दोन माणसांच्या ऑफिसात होत नाही.

सही आधी का नंतर?

आम्ही ५०० च्या खाली नंतर आणि ५०० पासून वर आधी, असं ठेवलंय. आधी म्हणजे व्हॉट्सॲपवर एक ओळ पण चालते, "टोनर ८५० घेऊ का" आणि "घे", त्याचा स्क्रीनशॉट व्हाउचरला. महिन्याच्या शेवटी साठ व्हाउचरवर एका बैठकीत सह्या करणारे साहेब मी पाहिलेत, फोनवर बोलत बोलत, त्याला मंजुरी म्हणत नाहीत तो हस्ताक्षराचा सराव आहे. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा व्हाउचर समोर घ्या, पाच मिनिटं लागतात आणि कशासाठी गेले ते आठवतही असतं.

आणि मर्यादा ठेवली की तिच्या खालची बिलं वाढतात, हे गृहीत धरा. एकाच दुकानाची एकाच दिवसाची दोन बिलं, ४८० आणि ४७०, नंबर लागोपाठचे, म्हणजे ९५० चं एक बिल दुकानदाराला सांगून फोडलेलं आहे. दर वेळी चोरीच असते असं नाही, कधी माणसाला फक्त सही मागायला जायचा कंटाळा असतो, पण विचारायचं.

साहेबांच्या स्वतःच्या खर्चाला कोण सही करणार?

पार्टनरशिप असेल तर दुसरा पार्टनर. एकट्याची फर्म असेल तर पैसे त्याचेच आहेत, सहीचा प्रश्न नाही, पण घरचा गॅस आणि मुलाची ट्यूशन ऑफिस खर्चात लिहायची नाही, ती उचल, ड्रॉइंगमध्ये जाते. शेठ पेटीतून न लिहिता दोनशे उचलतात आणि ताईला हिशेब लागत नाही, हे जिथे चालतं तिथे बाकीच्यांना बिल मागण्यात काही अर्थ उरत नाही.

यूपीआयचा स्क्रीनशॉट बिल म्हणून चालेल का?

रोज विचारतात हे. स्क्रीनशॉट सांगतो की पैसे गेले, काय घेतलं ते सांगत नाही. राजवाड्याजवळच्या दुकानात ३५० दिले, ठीक, पण त्याचं पंचिंग मशीन आलं का घरचा कुकर? तर बिल हवंच, स्क्रीनशॉट त्याच्या मागे. शंका आली तर स्क्रीनशॉटवरचा बारा आकडी यूटीआर नंबर त्या माणसाच्या बँक स्टेटमेंटमध्ये आहे का बघायला मागा, चित्र एडिट करता येतं, स्टेटमेंटमधली नोंद तशी सहज नाही. स्क्रीनशॉटवर फेल किंवा पेंडिंग लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही, असंही झालंय.

सियागंजमध्ये पक्कं बिल देतच नाहीत, कच्चं बिल देतात. काय करू?

दुकानदार जीएसटीवाला असेल तर मागितलं की द्यावंच लागतं, आणि मागताना तुमच्या फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर सांगा, नुसत्या "कॅश" नावाच्या बिलावर तुम्हाला क्रेडिट मिळणार नाही. चहा-नाश्ता आणि हॉटेलच्या जेवणावर क्रेडिट तसंही मिळत नाही, तिथे डोकं लावू नका.

हम्माल, ई-रिक्षा, पंक्चरवाला, यांच्याकडे बिल मागणं वेडेपणा आहे. त्यांच्यासाठी बिनबिलाचं व्हाउचर ठेवा: कुणाला दिले, कशासाठी, कुठून कुठे, किती नग, आणि खर्च करणाऱ्याची सही. "हम्माली १५०" असं नाही, "सियागंज ते ऑफिस, ६ पेट्या, हम्माली १५०" असं. सहा पेट्या लिहिल्या की त्या दिवशी खरेदीच्या बिलात सहा पेट्या आहेत का ते बघता येतं, तुमच्या बिनबिलाच्या खर्चाचा पुरावा बऱ्याचदा असा दुसऱ्या बिलात असतो. एका वेळची मर्यादा २०० ठेवा आणि महिन्याला माणसाप्रमाणे बेरीज काढा. दोघं प्यून तेच काम करतात आणि एकाचे ९०० होतात, दुसऱ्याचे २,६००, तर बसून बोलायला हवं.

खोटं बिल ओळखायचं कसं?

एकेकटं बघून ओळखू येत नाही. एका दुकानाची सगळी बिलं एका खाली एक लावा. मी एकदा स्टेशनरीची तीन बिलं लावली, साधारण आठवड्याच्या अंतराची, आणि नंबर होते ४१, ४२, ४३. म्हणजे दोन आठवड्यांत त्या दुकानाने आमच्याशिवाय कुणालाच बिल दिलं नाही? दुकान चालत होतं, गर्दी असायची. ते बिलबुकच आमच्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये निघालं, कोरं बुक दुकानदाराने ओळखीत दिलेलं. प्रत्येक बिल सुटं बघितलं तर निर्दोष होतं, शिक्का, सही, सगळं.

बाकी खुणा लहान: रविवारची तारीख, तारखेवर गिरवलेलं, तीन बिलांवर तेच पेन तेच अक्षर, सगळ्या रकमा गोल.

पेट्रोलचं बिल घ्यायचं का किलोमीटर?

एकच काहीतरी. पेट्रोलचं बिल सांगतं की गाडीत पेट्रोल टाकलं, गाडी कुठे गेली ते नाही, त्या टाकीत घरचंही फिरणं होतं. मला किलोमीटर बरं वाटतं, निघताना आणि परतल्यावर मीटरचा फोटो, आणि दर ऑफिसने एकदा ठरवायचा. पण किलोमीटरचे पैसे दिले की पेट्रोलचं बिल घ्यायचं नाही, इथेही तेच दोन दारांचं लफडं होतं.

थर्मल बिलं उडून जातात, वर्षाने कोरा कागद हातात येतो.

त्याच दिवशी फोटो किंवा झेरॉक्स काढून मूळ बिलाला जोडा. ती बिलं उष्णतेवर छापलेली असतात म्हणून मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं तरी काळं पडतं, आणि कुणी हुशारीने लॅमिनेट केलं तर पूर्ण काळं होतं, करून झालंय. सेलोटेप अक्षरांवर लावू नका, त्यानेही पुसट होतं. किती वर्षं सांभाळायची म्हणाल तर जीएसटीच्या हिशेबाने त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने.

रोखीत जास्तीत जास्त किती द्यायचं?

पेटीतून आम्ही एका वेळी १,००० च्या वर देत नाही. कायद्याची ओळ वेगळी आहे, एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर काही अपवाद सोडून तो खर्च आयकरात धरत नाहीत, माल वाहणाऱ्या ट्रक-टेम्पोवाल्यांना ही मर्यादा ३५,००० आहे. दोन व्हाउचर केली तरी दिवस आणि माणूस एकच असेल तर बेरीजच बघतात. आणि ५,००० च्या वरच्या रोख पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही.

कच्ची चिठ्ठी किती दिवस चालू द्यायची?

दोन दिवस. बिल आणि उरलेले पैसे आणले की चिठ्ठी त्याच्यासमोर फाडायची आणि व्हाउचर करायचं, दोन्ही राहिलं तर तोच पैसा दोनदा मोजला जातो. पेटीतून पगाराची उचल द्यायची नाही, कुणी कितीही "ताई फक्त शनिवारपर्यंत" म्हणालं तरी. मोजणीत पाच दिवसांपूर्वीची चिठ्ठी निघाली तर ती रोख नाही, उधारी आहे, आणि आधी तीच विचारायची.

मोजणीत जास्त निघाले तर? ते तर चांगलंच ना?

कमी निघण्याइतकंच वाईट. कुणाला तरी दिले नाहीत आणि व्हाउचर झालं, किंवा बिलापेक्षा व्हाउचर मोठं आहे. शोधा, सापडलं नाही तर बँकेत भरून पावती लावा, पेटीत पुढच्या वेळेला म्हणून ठेवू नका.

ताई सुट्टीवर जातात तेव्हा किल्ली कुणाकडे?

ज्याच्याकडे जाईल त्याच्यासमोर मोजून, कागदावर दोघांच्या सह्या घेऊन, आणि परत आल्यावर पुन्हा तसंच. रंगपंचमीला गेरच्या मिरवणुकीमुळे ऑफिस बंद असतं म्हणून एका ठिकाणी किल्ली नुसती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दोघं गावाला गेले, परत आल्यावर ३०० कमी, आणि ते कुणाच्या हातून गेले हे आजपर्यंत ठरलेलं नाही. दुसरी किल्ली शेठकडे बंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर ताईची सही, उघडलं तर कळतं.